‘होडी जेटीवर आहे’ की ‘जेटीवर होडी आहे’? पाहुण्यांसाठी इंग्रजी लिहिताना ‘अ’ आणि ‘द’ कसे निवडावेत

देवबाग-तारकर्लीपासून वर वेळणेश्वर-हरिहरेश्वरपर्यंत ज्यांनी नुकताच होमस्टे सुरू केलाय किंवा पाहुण्यांना होडीतून फिरवायला सुरुवात केलीय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंग्रजी बोलणं निभावून जातं. हातवारे असतात, समोर माणूस असतो, नाही कळलं तर तो पुन्हा विचारतो. लिहायची वेळ आली की मात्र अडतं. बुकिंगचा मेसेज, खोलीत लावायची सूचना, होडीची वेळ कळवणारे दोन ओळींचे निरोप यांत शब्द बरोबर असतात, स्पेलिंगही बरोबर असतं, पण ‘अ’ आणि ‘द’ एकतर गायब असतात किंवा भलत्याच जागी बसलेले असतात. अशा सूचना माझ्याकडे तपासायला येतात, आणि त्यांतल्या बहुतेक दुरुस्त्या याच दोन शब्दांच्या असतात.

एक उदाहरण घेऊ. पाहुण्यांनी किल्ल्यावर जायला होडी ठरवली आहे. सकाळी त्यांना निरोप जातो, ‘बोट इज ॲट जेटी’. पाहुण्याने यातून काय समजायचं? मी ठरवलेली होडी आली, आता निघायला हवं, असं? की जेटीवर होड्या असतात, कधीही जा, असं? पहिला अर्थ असेल तर ‘द बोट इज ॲट द जेटी’ लिहायला हवं होतं. दुसरा असेल तर ‘देअर इज अ बोट ॲट द जेटी’. मूळ वाक्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ‘अ’ आणि ‘ॲन’ एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. पुढचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’: ॲन एसी रूम, ॲन अवर. स्पेलिंग नव्हे, उच्चार बघायचा. म्हणून अ युनिफॉर्म, अ हॉटेल.)

शाळेत आपल्याला शिकवलं जातं की गोष्ट पहिल्यांदा आली की ‘अ’, पुन्हा आली की ‘द’. नियम चुकीचा नाही, पण लिहायला बसल्यावर तो पुरत नाही. ‘जेटी’ मजकुरात पहिल्यांदाच येते, तरी तिला ‘द’ लागतो. ‘सूर्य’ आयुष्यात कितीही वेळा आला तरी ‘द’च. उलट ‘माझा भाऊ तांडेल आहे’ या वाक्यात तांडेलाला ‘अ’ लागतो आणि मराठीत त्या जागी काहीच नसतं. म्हणून मी दुसरी वाट सुचवते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ला जोड शब्द नाही, हे खरं. पण कोणती गोष्ट ऐकणाऱ्याला माहीत आहे आणि कोणती नवी आहे, हा फरक मराठी सतत करते. तो शब्दांच्या क्रमात, ‘एक’ आणि ‘एखादा’मध्ये, ‘तो-ती-ते’मध्ये आणि ‘-ला’ प्रत्ययात दडलेला असतो. तेव्हा थेट इंग्रजीत लिहू नका. आधी पूर्ण मराठी वाक्य लिहा, जसं पाहुण्याला तोंडाने सांगाल तसं. मग पुढच्या पायऱ्यांनी ते तपासा.

पहिली पायरी: वाक्य ‘काय?’चं उत्तर आहे की ‘कुठे?’चं

ही पायरी सगळ्यांत उपयोगी आहे, म्हणून तिला वेळ द्या. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा:

जेटीवर होडी आहे.
होडी जेटीवर आहे.

शब्द तेच, पण पहिलं वाक्य ‘जेटीवर काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. जागा माहीत आहे, होडी ही नवी बातमी आहे. दुसरं वाक्य ‘होडी कुठे आहे?’चं उत्तर आहे. कोणती होडी ते दोघांनाही ठाऊक आहे, बातमी आहे ती जागेची. मराठीत साधारणपणे माहीत असलेली गोष्ट आधी येते आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या अगदी अलीकडे बसते. इंग्रजीत शब्दांचा क्रम इतका सैल नाही, म्हणून तिथे हेच काम ‘अ’ आणि ‘द’ला करावं लागतं. ‘काय?’चं उत्तर असेल तर ‘देअर इज अ बोट…’ अशी रचना घ्या. ‘कुठे?’चं उत्तर असेल तर ‘द बोट इज…’ अशी.

हेच घरातल्या वस्तूंना लावून बघा. ‘कपाटात टॉवेल आहेत’ हे पाहुण्याला नव्याने सांगायचंय: ‘देअर आर टॉवेल्स इन द कबर्ड’. अनेकवचनात ‘अ’ येत नाही, त्यामुळे ‘टॉवेल्स’ मोकळंच राहतं. पण पाहुण्याने फोन करून टॉवेल कुठे ठेवलेत असं विचारलं, तर तुम्ही आपोआप ‘टॉवेल कपाटात आहेत’ असं म्हणाल. इंग्रजीतही मग ‘द टॉवेल्स आर इन द कबर्ड’.

दोन्ही वाक्यांत कपाटाला ‘द’ लागला, हेही बघा. जागा दाखवणारा शब्द बहुतेक वेळा पाहुण्याला ओळखू येण्यासारखाच असतो. खोलीतलं कपाट, घराचं अंगण, गावची जेटी. एखादी जागा खरंच नवी असेल तेव्हा तिलाही ‘अ’: ‘घरापासून थोड्या अंतरावर एक दुकान आहे, त्या दुकानात सगळं मिळतं.’ इथे दुकान आधी ‘अ शॉप’ म्हणून येईल आणि मग ‘द शॉप’.

ही कसोटी ‘आहे’, ‘असतो’, ‘ठेवलंय’ अशा वाक्यांत चोख चालते. ‘पाहुणे आले’ अशा छोट्या वाक्यात मात्र ती अपुरी पडते, कारण तिथे मागेपुढे करायला दुसरा शब्दच नाही. तिथे वाट बघणं चालू होतं का ते विचारा. बुकिंग होतं, स्वयंपाक तयार होता, आणि गाडी दारात लागली, तर ‘द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड’. कोणीच येणार नव्हतं आणि अचानक कुटुंब येऊन उभं राहिलं, तर ‘सम गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड’. अशा वेळी मराठीतही आपण बहुधा ‘बाहेर पाहुणे आलेत’ म्हणतो, म्हणजे नकळत जागा पुढे आणतो आणि वाक्य ‘बाहेर कोण?’चं उत्तर करतो. जोर देऊन बोलतानाही क्रम बदलतो (‘आहे होडी जेटीवर, काळजी नको!’). पण तशी वाक्यं सूचनेत येत नाहीत, त्यामुळे लिहिताना फारसा त्रास होत नाही.

दुसरी पायरी: ‘एक’, ‘एखादा’ आणि ‘तो’

इंग्रजीतला ‘अ’ मुळात ‘वन’चाच झिजलेला भाऊ आहे, आणि ‘द’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘तो-ती-ते’ अर्थाच्या शब्दातून आलाय. त्यामुळे मराठीतले ‘एक’ आणि ‘तो’ बऱ्याचदा त्याच जागी सापडतात यात नवल नाही. फरक इतकाच की इंग्रजीत हे शब्द जवळजवळ सक्तीचे झालेत. मराठीत ते गरज पडली तरच येतात.

‘एक’ दिसला की आधी तो आकडा आहे का ते बघा. ‘आमच्याकडे एकच होडी आहे’ हा आकडा, ‘वन बोट’. ‘काल एक बाई आल्या होत्या’ यात कोणी मोजत नाहीये. कोणा नव्या माणसाबद्दल पुढे काहीतरी सांगायचंय, एवढंच: ‘अ वुमन केम यस्टरडे’. म्हणून बघण्याची सोपी रीत अशी, की ‘एक’च्या जागी ‘दोन नव्हे, एक’ म्हणून वाचा. अर्थ टिकला तर ‘वन’, वाक्य विचित्र वाटलं तर ‘अ’.

‘एखादा’ वेगळा आहे. ‘एक होडी बघून ठेवलीय’ यात ती होडी ठरलेली आहे, बोलणाऱ्याला माहीत आहे, फक्त ऐकणाऱ्याला नवी आहे. ‘एखादी होडी मिळेल का?’ यात ती कोणालाच माहीत नाही, कोणतीही चालेल. मराठीने इथे दोन शब्द ठेवलेत, इंग्रजीचा ‘अ’ दोन्ही कामं एकटा करतो. म्हणून ‘एखादा’ दिसला की निश्चिंतपणे ‘अ’ लिहा. ‘सम बोट’ किंवा ‘वन बोट’ लिहायचा मोह होतो, तो टाळा. ‘कॅन वी गेट अ बोट?’ एवढंच पुरतं.

‘तो-ती-ते’कडे जरा जपून बघा. ‘तो माणूस पुन्हा आला’, ‘त्या होडीत बसू नका’ असं म्हणताना आधी आलेल्या किंवा बोटाने दाखवलेल्या गोष्टीकडे निर्देश असतो. मजकुरात आधी उल्लेख आलेला असेल तर ‘द’, प्रत्यक्ष बोट दाखवत असाल तर ‘दॅट’. मात्र उलटं खरं नाही, आणि इथेच पुष्कळ गफलत होते. ‘तो’ नसेल तिथे ‘द’ही नसेल, असं समजू नका. ‘सूर्य मावळला’, ‘दार लावून घ्या’, ‘दिवा मालवा’, ‘समुद्र खवळलाय’ या वाक्यांत आपण कधीच ‘तो सूर्य’ किंवा ‘ते दार’ म्हणत नाही, कारण त्या जागी दुसरा सूर्य नाही आणि त्या खोलीला दुसरं दार नाही. मराठी अशा एकमेव गोष्टींना मोकळं सोडते. इंग्रजी त्यांनाही ‘द’ लावते: द सन, द डोअर, द लाइट, द सी. ज्या सूचना माझ्याकडे येतात त्यांत सर्वांत जास्त गळलेला ‘द’ हाच असतो.

‘जो-तो’ची जोडी सोपी आहे. ‘तुम्ही काल जी होडी ठरवलीत ती’ म्हणजे ‘द बोट यू बुक्ड यस्टरडे’. तीच गोष्ट ‘तुम्ही ठरवलेली होडी’ची. पण ‘काचेचा तळ असलेली होडी’ फक्त प्रकार सांगते, ठरावीक होडी नाही. ती पहिल्यांदा सांगत असाल तर ‘अ ग्लास-बॉटम बोट’.

‘दुसरा’ या शब्दाला मात्र थांबून मोजावं लागतं. पाहुणा म्हणतो ‘दुसरी खोली दाखवा’. तुमच्याकडे एकूण दोनच खोल्या असतील तर उरलेली ती एकच, म्हणून ‘द अदर रूम’. तीन-चार असतील तर त्यांतली कोणतीही, म्हणून ‘अनदर रूम’. आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने सांगत असाल तर ‘द सेकंड रूम’. मराठीत तिन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे ही चूक वाक्य कितीही वेळा वाचलं तरी डोळ्यांना दिसत नाही. खोल्या मोजल्या की दिसते.

तिसरी पायरी: कर्माला ‘-ला’ लागलाय का

ही खूण मराठी माणसाला उपजत येते, पण सहसा कोणी तिच्याकडे बघत नाही. ही दोन वाक्यं घ्या:

आम्ही स्वयंपाकी शोधतोय.
आम्ही स्वयंपाक्याला शोधतोय.

पहिलं वाक्य कामाची जाहिरात आहे, चांगला स्वयंपाकी कोणी असेल तर सांगा. दुसऱ्यात आपला नेहमीचा स्वयंपाकी सकाळपासून दिसत नाहीये. इंग्रजीत हा सगळा फरक एका शब्दावर येतो: ‘वी आर लुकिंग फॉर अ कुक’ आणि ‘वी आर लुकिंग फॉर द कुक’. घरचे लोक ‘मुलगी बघतायत’ आणि ‘मुलीला बघतायत’ यांतला फरकही कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

जिवंत गोष्टी कर्म असताना ‘-ला’ आला की समजा, मनात कोणीतरी ठरावीक आहे. लिहिताना क्रियापदही साक्ष देतं. ‘त्याने गाय शोधली’ यात क्रियापद गाईप्रमाणे चालतं, ‘त्याने गाईला शोधलं’ यात ते तसं चालत नाही. तुम्ही ‘शोधलं’ लिहिलंय की ‘शोधली’, ते बघितलं तरी ‘-ला’ कुठे आहे ते सापडतं.

पण ‘-ला’ म्हणजे ‘द’ असं समीकरण करू नका. दोन ठिकाणी ते फसतं. एक म्हणजे ‘एका’ सोबत आला तर: ‘आम्ही किल्ल्यावर एका गाइडला पाहिलं’. इथे गाइड ठरावीक आहे, आम्हाला तो आठवतो, पण ऐकणाऱ्याला तो नवा आहे. म्हणून ‘वी सॉ अ गाइड ॲट द फोर्ट’. ‘एका’ दिसला की त्याचा निर्णय अंतिम धरा, ‘-ला’चा नाही. दुसरं म्हणजे ‘पाहुण्याला चहा दिला’ अशा वाक्यांतला ‘-ला’ कोणाला दिला ते सांगतो. तो नेहमीच येतो, माणूस माहितीतला असो वा नसो. त्याच्यावरून काहीच ठरवू नका.

निर्जीव वस्तूंना कर्म म्हणून ‘-ला’ क्वचितच लागतो. ‘मी नारळ फोडला’ या एवढ्याशा वाक्यावरून तो कोणता नारळ ते कळत नाही. तिथे पहिल्या दोन पायऱ्या आणि पुढची पायरी वापरावी लागते.

चौथी पायरी: खूणच नसेल तर, ओळखायचं कोणाच्या नजरेने

पुष्कळ वाक्यांत वरची एकही खूण नसते. मग प्रश्न विचारायचा तो असा: वाचणाऱ्याला ही गोष्ट कोणती ते ओळखता येईल का? जोर ‘वाचणाऱ्याला’वर आहे. सूचना लिहिणारा आपल्या घरात बसून लिहितो. त्याच्या मनात विहीर, कुत्रा, तांडेल, मागचं फाटक सगळं ठरलेलं असतं, म्हणून तो मराठीत ‘कुत्रा रात्री मोकळा असतो’ असं सहज लिहितो. त्याचं ‘द डॉग इज लूज ॲट नाइट’ झालं की पाहुणा दचकतो, कारण या घरात कुत्रा आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. ‘अ डॉग इज लूज ॲट नाइट’ लिहिलं तर आणखी बिघडतं, कुठलंतरी भटकं कुत्रं अंगणात फिरतंय असं वाटतं. अशा वेळी उपाय ‘अ’ किंवा ‘द’ निवडण्यात नसतो, आधी एक वाक्य घालण्यात असतो: ‘वी हॅव अ डॉग.’ मग ‘द डॉग’ आपोआप बसतो.

एक सूट मात्र आहे. आधी सांगितलेल्या गोष्टीचाच भाग असेल तर तो न सांगताही ओळखता येतो. ‘खोलीत पंखा आहे. रेग्युलेटर दाराजवळ आहे.’ रेग्युलेटर पहिल्यांदाच आला, पण पंखा म्हटलं की त्याचा रेग्युलेटर असणारच, म्हणून ‘द रेग्युलेटर’. होडी सांगितली की द इंजिन, घर सांगितलं की द गेट, जेवण सांगितलं की द बिल.

एक सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एका मजकुरावर लावून बघू. समुद्राकाठच्या एका होमस्टेच्या खोलीत लावायची ही सूचना आहे:

घरामागे विहीर आहे. विहिरीचं पाणी पिऊ नये. पिण्याचं पाणी स्वयंपाकघरात आहे. चावी दाराला आहे. कुत्रा रात्री मोकळा असतो, तो चावत नाही. मासे हवे असतील तर सकाळी ९ च्या आत सांगावं. किल्ल्यावर जायचं असल्यास होडीची सोय होईल. तांडेल फाटकावर येईल.

‘घरामागे विहीर आहे’: जागा आधी, विहीर क्रियापदाजवळ, म्हणजे ‘काय?’चं उत्तर. ‘देअर इज अ वेल बिहाइंड द हाउस.’ घराला ‘द’, कारण पाहुणा त्याच घरात उभा आहे.

‘विहिरीचं पाणी पिऊ नये’: विहीर आता माहीत झाली, आणि पाणी तिचंच. ‘प्लीज डू नॉट ड्रिंक द वॉटर फ्रॉम द वेल.’

‘पिण्याचं पाणी स्वयंपाकघरात आहे’: क्रमावरून हे ‘कुठे?’चं उत्तर दिसतं, म्हणजे ‘द’ हवा असं वाटेल. पण पाणी, भात, आमटी अशा न मोजता येणाऱ्या गोष्टी सर्वसाधारणपणे सांगताना इंग्रजी त्यांना मोकळं ठेवते: ‘ड्रिंकिंग वॉटर इज इन द किचन.’ ‘द’ लावला तरी वाक्य चुकीचं होणार नाही. ‘अ वॉटर’ मात्र इथे चालणार नाही.

‘चावी दाराला आहे’: खोलीची चावी, खोलीचं दार, दोन्ही त्या जागी एकेकच. ‘द की इज इन द डोअर.’

‘कुत्रा रात्री मोकळा असतो’: वर पाहिलं तसं, आधी ओळख करून द्या. ‘वी हॅव अ डॉग. ही इज लूज ॲट नाइट बट डज नॉट बाइट.’ दुसऱ्या वाक्यात ‘द डॉग’ऐवजी ‘ही’ चालतो, जसा आपला ‘तो’. ‘ॲट नाइट’मध्ये काही लागत नाही. ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द इव्हिनिंग’मध्ये ‘द’ लागतो. याला कारण शोधत बसू नका, तसंच पाठ करा.

‘मासे हवे असतील तर’: कोणतेही मासे, ठरावीक नाहीत. ‘इफ यू वुड लाइक फिश, प्लीज टेल अस बिफोर 9 इन द मॉर्निंग.’ इथे ‘द फिश’ लिहिलं तर पाहुणा विचारेल, कोणता मासा?

‘होडीची सोय होईल’: मराठीत ‘एखाद्या’ हा शब्द गाळलाय, पण अर्थ तोच आहे. घालून बघा, वाक्य बदलत नाही. म्हणून ‘वी कॅन अरेंज अ बोट टू द फोर्ट.’ होडी ‘अ’, किल्ला ‘द’, कारण त्या गावच्या माणसाला आणि तिथे आलेल्या पाहुण्यालाही कोणता किल्ला ते ठाऊक आहे. मालवणात असाल तर तो सिंधुदुर्गच.

‘तांडेल फाटकावर येईल’: तांडेलाची ओळख आधी नाही. पण होडी सांगून झालीय, आणि होडीला तांडेल असतोच. म्हणून ‘द बोटमन विल मीट यू ॲट द गेट.’ ‘तांडेल’ हाच शब्द ठेवायचा असेल तर एकदा अर्थ सांगा: ‘द टांडेल, द स्किपर ऑफ द बोट’.

नावं आणि सर्वसाधारण विधानं

विशेषनामांचे नियम ठरलेले आहेत, म्हणून थोडक्यात. गावाच्या नावाला काही नाही: मालवण, गुहागर, वेंगुर्ला. समुद्राला आणि नदीला ‘द’: द अरेबियन सी, द कर्ली रिव्हर. ‘सिंधुदुर्ग फोर्ट’, ‘तारकर्ली बीच’ अशा पूर्ण नावांना सहसा नाही, पण नुसतं ‘किल्ला’, ‘किनारा’ म्हटलं की ‘द फोर्ट’, ‘द बीच’. ‘कोकण’ला इंग्रजीत पूर्वापार ‘द कोकण’ म्हणतात. किनारा म्हणताना ‘द कोकण कोस्ट’, रेल्वे म्हणताना ‘द कोकण रेल्वे’.

एखाद्या जातीबद्दल किंवा नेहमीच्या गोष्टीबद्दल सांगताना मराठीत ना ‘एक’ येतो, ना ‘तो’. ‘खेकडे रात्री बाहेर येतात.’ इंग्रजीतही तेव्हा नुसतं अनेकवचन: ‘क्रॅब्ज कम आउट ॲट नाइट.’ ‘द क्रॅब्ज’ लिहिलं तर आपण आधी बोलत होतो तेच खेकडे, असा अर्थ होईल. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा पाहुण्यांना ‘पावसाळ्यात ताजी मासळी कमी मिळते’ असं कळवावं लागतं. यात मासळी सर्वसाधारण, पावसाळा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा: ‘फ्रेश फिश इज लिमिटेड ड्यूरिंग द मान्सून.’

राहिली व्यवसाय सांगणारी वाक्यं. ‘माझा भाऊ तांडेल आहे’, ‘माझी मुलगी डॉक्टर आहे’ यांत मराठीला ‘एक’ नकोच असतो, ‘ती एक डॉक्टर आहे’ हे कानाला परकं लागतं. इंग्रजीला तो हवाच: ‘माय ब्रदर इज अ बोटमन’, ‘माय डॉटर इज अ डॉक्टर’. होमस्टेच्या माहितीत घरच्या माणसांची ओळख असतेच, म्हणून ती वाक्यं शेवटी वेगळी काढून एकदा याच नजरेने वाचा. ‘माय’ असलेल्या शब्दाला काही लागणार नाही. ‘इज’नंतर येणाऱ्या पेशाला ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागेल.